यक्षानं विचारलेलं आश्चर्य आणि आमची चौथीची मुलं



आधी एक छोटी तक्रार करते, मग विषयाकडे येते. आपण रोज बोलताना म्हणतो, "पाणीटंचाई हा यक्षप्रश्न झालाय", "पोराचं लग्न हा यक्षप्रश्न आहे". म्हणजे ज्याला उत्तरच नाही असा प्रश्न. पेपरातही हा शब्द याच अर्थानं येतो. पण मूळ गोष्ट उघडून बघा. यक्षानं विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला युधिष्ठिरानं उत्तर दिलं आहे. एकही प्रश्न सुटायचा राहिलेला नाही. उत्तर न देता पाणी प्यायलेले चौघं मात्र पडले. त्या चौघांचं आपल्या लक्षात राहिलं आणि पाचव्याचं विसरलं, म्हणून शब्दाचा अर्थ असा फिरला असावा असं आपलं माझं मत.

या वर्षी मार्चमध्ये चौथीच्या वर्गात मी ही गोष्ट सलग तीन दिवस घेतली. आपल्या दोंडाईच्यात मार्चमध्येच ऊन कसं तापतं ते तुम्हाला सांगायला नको. दुपारच्या सुट्टीनंतर मुलं माठाजवळ रांग लावतात आणि रांगेत ढकलाढकली होते. ती बघूनच मला ही गोष्ट आठवली, कारण ही गोष्ट सुरू होते तहानेपासून.

खरं तर त्याच्याही आधी, एका अगदी साध्या वस्तूपासून. पांडवांच्या वनवासाची बारा वर्षं संपत आली आहेत. ते द्वैतवनात राहतायत. एका ब्राह्मणानं अग्नी पेटवायची लाकडं, म्हणजे अरणी आणि मंथनाचा दांडा, झाडाला टांगून ठेवली होती. एक हरीण त्या झाडाला अंग घासायला आलं, लाकडं त्याच्या शिंगात अडकली आणि ते पळालं. मुलांना मी सांगितलं, "घरातली एकुलती एक काडेपेटी कोणीतरी पळवून नेली असं समजा." मुलांना लगेच समजलं. पाचही भाऊ हरणामागे धावले, हरीण दिसेनासं झालं, आणि दमलेले भाऊ एका वडाखाली बसले. घसा कोरडा. नकुल झाडावर चढला. त्याला पाण्याकाठची झाडं दिसली, सारसांचा आवाज आला. तो पाणी आणायला गेला तो परत आलाच नाही. मग सहदेव, मग अर्जुन, मग भीम. प्रत्येकाला आवाज आला की आधी माझ्या प्रश्नांची उत्तरं दे आणि मग पाणी पी. प्रत्येकानं दुर्लक्ष केलं, पाणी प्यायलं आणि तिथंच कोसळला. अर्जुनानं तर आवाजाच्या दिशेनं बाणही मारले.

इथं मी पहिल्या दिवशी थांबले. मुद्दामच. घंटा व्हायला दहा मिनिटं होती, ती मुलांच्या भांडणाला दिली. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, तहान लागलेल्याला पाणी नाही म्हणणं हे पाप ना? मग यक्ष वाईट ना?" प्रश्न रास्त आहे. आपल्याकडं दारात आलेल्याला आधी पाण्याचा तांब्या देतात आणि मग कुठून आलात विचारतात. मी उत्तर दिलं नाही. दुसरा म्हणाला, "तलाव त्याचा आहे, त्याला विचारायला पाहिजे होतं." अर्धा वर्ग इकडं, अर्धा तिकडं. घरी जाताना पण वाद चालूच होता.

एक चूक इथंच सांगून टाकते, कारण ती तुमच्याही वर्गात होईल. मागच्या वर्षी आमच्या मुलांची सहल एरंडोलजवळ पद्मालयाला गेली होती. तिथं गणपतीच्या देवळासमोर कमळांचा तलाव आहे, जवळच भीमकुंड दाखवतात, आणि एरंडोल म्हणजेच पांडवांची एकचक्रानगरी अशी आपल्या खान्देशात जुनी समजूत आहे. त्यामुळं मुलांनी लगेच ठरवलं की यक्षाचा तलाव म्हणजे पद्मालयाचा तलाव. एकचक्रेतली गोष्ट बकासुराची. ती द्रौपदी स्वयंवराच्याही आधीची. यक्षाची गोष्ट वनवासाच्या अगदी शेवटची, अज्ञातवासाच्या तोंडावरची. फळ्यावर एक आडवी रेघ ओढून मी दोन्ही ठिपके दाखवले. तरी कमळं मुलांच्या डोक्यातून गेली नाहीत, आणि मीही फार हट्ट धरला नाही. डोळ्यांसमोर तलाव येण्यासाठी पाहिलेला तलावच उपयोगी पडतो.

दुसऱ्या दिवशी युधिष्ठिर आला. हा भाग घाईनं सांगू नका, ही विनंती. तो आल्याबरोबर प्रश्न सुरू होत नाहीत. तो आधी भावांकडं बघतो. अंगावर जखम नाही, आजूबाजूला कोणाच्या पावलांचे ठसे नाहीत. दुर्योधनानं पाण्यात विष कालवलं असेल का, हा संशय त्याला येतो. पण चेहऱ्यांचा रंग बदललेला नाही, म्हणजे विषही नाही. मुलांना हा तपास फार आवडतो. मग तो पाण्यात उतरतो, तेवढ्यात एक बगळा बोलतो की मीच तुझ्या भावांना मारलं, उत्तरं दिली नाहीस तर पाचवा तू. युधिष्ठिर म्हणतो, हे पक्ष्याचं काम नाही, तू खरा कोण आहेस ते सांग. तेव्हा ताडासारखा उंच यक्ष उभा राहतो. तहान त्यालाही तेवढीच लागलेली आहे. तरी तो म्हणतो, विचार, माझ्या बुद्धीप्रमाणं सांगतो.

आता प्रश्नांविषयी. प्रश्न खूप आहेत, आणि त्यांची संख्या आणि क्रम सगळ्या प्रतींत सारखा नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं ढिगानं हस्तलिखितं ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली, ती उगीच नाही. त्यामुळं मोबाईलवर फिरणारी "यक्षाचे संपूर्ण प्रश्न" अशी यादी पाठ करून घेण्यात काही राम नाही. यातले काही प्रश्न महाभारताहूनही जुने आहेत. एकटा कोण फिरतो, पुन्हा पुन्हा कोण जन्मतो, थंडीवर औषध काय, हे प्रश्न यजुर्वेदात अश्वमेध यज्ञाच्या वेळी पुरोहित एकमेकांना विचारतात. उत्तरं सूर्य, चंद्र आणि अग्नी. म्हणजे आपल्याकडं घरात म्हातारी माणसं नातवंडांना जे आन्हे घालतात, त्याच जातीचा हा खेळ आहे, फक्त जागा यज्ञाची.

मी सोपे पाच-सहा प्रश्न निवडले आणि उत्तर सांगण्याआधी मुलांना विचारले. झोपेतही डोळे कोण मिटत नाही? दोघं-तिघं म्हणाले मासा. एक म्हणाला साप. युधिष्ठिराचं उत्तर मासा आहे, पण सापालाही पापण्या नसतात, त्यामुळं सापवाल्यालाही मी शाबासकी दिली. जन्मल्यावर हलत नाही ते काय? अंडं, हे लगेच आलं. वेगानं वाढतं ते काय? युधिष्ठिर म्हणतो नदी. आमच्याकडून उत्तर आलं, "पेट्रोलचा खर्च!" वाऱ्यापेक्षा वेगवान काय? सुरतेकडं जाणारी गाडी, असं उत्तर आलं, शेवटी मन. गवताच्या काड्यांपेक्षा जास्त काय? मुलं म्हणाली वाळू, केस, तारे. युधिष्ठिर म्हणतो चिंता. यावर वर्ग जरा गप्प झाला. मग एक मुलगी हळूच म्हणाली, "आईले रातले निंद येत नही." मी पुढं सरकले.

आणखी एक प्रश्न सांगते आणि मग मुख्य मुद्द्यावर येते. सुखी कोण? युधिष्ठिराचं उत्तर असं की जो आपल्या घरी साधी भाजी शिजवून खातो, तीही पाचव्या-सहाव्या दिवशी का होईना, पण ज्याच्या डोक्यावर कर्ज नाही आणि ज्याला घर सोडून परमुलखात राहावं लागत नाही, तो सुखी. एवढ्या मोठ्या राजपुत्राचं उत्तर एवढंसं. पण सांगणारा कोण? बारा वर्षं घराबाहेर असलेला माणूस. आपल्या धुळे-नंदुरबारच्या कितीतरी शाळांत दिवाळीनंतर पट रिकामा होतो, पोरं आईबापासोबत ऊसतोडीला गुजरातेत जातात. त्या शाळांतल्या शिक्षकांनी हा प्रश्न वर्गात घेऊन बघावा. समजावून सांगायला फार शब्द लागणार नाहीत.

आता ज्या प्रश्नासाठी लिहायला बसले तो. सगळ्यात मोठं आश्चर्य कोणतं?

मी हा प्रश्न विचारला आणि पहिलं उत्तर आलं, ताजमहाल. दुसरं, चीनची भिंत. सामान्य ज्ञानाच्या पुस्तकातली सात आश्चर्यं मुलांच्या डोक्यात पक्की बसलेली. मग मी युधिष्ठिराचं उत्तर सांगितलं: रोज माणसं, प्राणी यमाच्या घरी जातात. आणि जे मागं उरतात त्यांना मात्र वाटतं की आपण कायमचं राहावं. यापेक्षा मोठं आश्चर्य कोणतं?

हे उत्तर बहुतेक ठिकाणी चुकीचं सांगितलं जातं. स्पर्धांच्या पुस्तिकेत, भाषणांत, अगदी शिक्षकांच्या तोंडूनही मी ऐकलंय: "सर्वात मोठं आश्चर्य, मृत्यू." असं नाही हो. मृत्यू हे आश्चर्य असं युधिष्ठिर म्हणतच नाही. मृत्यू तर रोजची गोष्ट, त्यात कसलं नवल? नवल आहे ते उरलेल्यांचं. रोज बघूनही स्वतःला त्यात न धरण्याचं. तुमच्या विद्यार्थ्याला उत्तर समजलं की नाही ते ओळखायचं असेल तर एवढंच विचारा: "आश्चर्य कोणाविषयी आहे, गेलेल्यांविषयी की उरलेल्यांविषयी?" गेलेल्यांविषयी म्हणाला, तर परत पहिल्यापासून सांगा.

आणि हे वाक्य तो कुठं उभा राहून बोलतोय तेही सांगा. तलावाच्या काठावर चार भाऊ निपचित पडलेत. पाचवा उभा आहे. उरलेला तोच आहे. यादीत प्रश्न-उत्तर वेगळं काढून छापलं की हेच नेमकं निघून जातं. वर्गात मी चार मुलांना खाली झोपवलं आणि एकाला मध्ये उभं केलं. सुरुवातीला खिदळले, एकानं घोरून दाखवलं. मग मधल्या मुलानं तेच उत्तर मोठ्यानं म्हटलं आणि खिदळणं थांबलं.

तेव्हा एक मुलगा उठला. त्याचे आजोबा दिवाळीनंतर वारले होते, मला माहीत होतं, पण त्या क्षणी माझ्या डोक्यात नव्हतं. तो म्हणाला, "मना आबा मरी गया ना मॅडम, त्याच दिन मी खेयाले गऊ." म्हणजे आजोबा गेले त्याच दिवशी तो खेळायला गेला होता. तेव्हापासून ते त्याच्या मनात बसलेलं असणार. कोणीतरी रागावलंही असेल. मी त्याला जवळ घेतलं आणि एवढंच म्हटलं की मुलं खेळायला जातातच. युधिष्ठिर त्याच्याचसारख्यांविषयी बोलतोय, आणि त्यांना वाईट म्हणत नाहीये. बरोबर बोलले की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्याच एका मुलाचे वडील शाळेच्या फाटकात उभे. रागात नव्हते, पण वैतागलेले होते. म्हणाले, "मॅडम, काय शिकवतात तुम्ही? पोरगं रात्री विचारत बसलं, पप्पा तुम्ही पण मरणार का? झोपलंच नाही." मी विचारलं, तुम्ही काय सांगितलं? म्हणाले, "काय सांगणार? सांगितलं, मी कुठं मरतोय, झोप."

पालकहो, खरं सांगते, मला त्या क्षणी हसूही आलं आणि पोटात कालवलंही. युधिष्ठिराचं उत्तर माझ्यासमोर हातात बाईकची किल्ली घेऊन उभं होतं. मी त्यांना ते सांगितलं नाही. सांगायची ती वेळ नव्हती.

पण त्यांचा आक्षेप सोडून देण्यासारखा नाही. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला मरणाविषयी सांगावं का? माझं मत असं की या वयाच्या मुलांना ते आधीच माहीत असतं. त्यांनी अंत्ययात्रा पाहिलेल्या असतात, गोठ्यातलं वासरू मेलेलं पाहिलेलं असतं. वर्गात कोणी बोलत नाही एवढंच. मात्र माझी एक चूक झाली ती कबूल करते. मी हा प्रश्न शाळा सुटता सुटता घेतला, आणि मुलं तेच डोक्यात घेऊन घरी गेली. तो सकाळी घ्यायला हवा होता, म्हणजे दिवसभर बोलायला वेळ मिळाला असता. आणि ज्या घरात नुकतंच कोणी गेलंय त्या मुलाशी आधी बोलून घ्यायला हवं होतं. पुढच्या वर्षी मी तसं करीन. प्रश्न गाळणार नाही.

दुसरं असं की या उत्तराकडं आपण बहुतेक वेळा टोमणा म्हणून बघतो. कीर्तनात ऐकतो, "बघा, माणूस किती वेडा!" पण यक्षानं वेडेपणा कोणता असं विचारलेलं नाही. आश्चर्य कोणतं असं विचारलंय. मला यात थोडं कौतुकही दिसतं. मागच्या वर्षी कपाशी हातची गेली तरी माणूस यंदा पुन्हा बियाणं घेतो. आजोबा आंब्याचं रोप लावतात, आंबे खायला आपण असू की नाही याचा हिशेब करत नाहीत. हे सगळं त्याच आश्चर्यातून चाललंय. संस्कृतचे जाणकार कदाचित म्हणतील की हा अर्थ मी माझ्या पदरचा घातला. घातला असेन. वर्गात दोन्ही अर्थ ठेवावेत असं मला वाटतं.

तिसऱ्या दिवशी गोष्टीचा शेवट घेतला. तोही बऱ्याचदा गाळला जातो, आणि माझ्या मते खरी परीक्षा तिथंच आहे. उत्तरांवर खूश होऊन यक्ष म्हणतो, चौघांपैकी एकाला जिवंत करतो, कोणाला करू? मी मुलांना मत द्यायला लावलं. एकतीस मुलं हजर होती. भीमाला सतरा, अर्जुनाला तेरा, सहदेवाला एक (त्या मुलाच्या भावाचं नाव सहदेव आहे). नकुलाला शून्य. युधिष्ठिर नकुल मागतो. वर्गात "आँ?" असा आवाज झाला. यक्षही चकित होतो, म्हणतो, हत्तीचं बळ असलेला भीम सोडून, तुम्ही सगळे ज्याच्या भरवशावर आहात तो अर्जुन सोडून नकुल का? युधिष्ठिर सांगतो, माझ्या वडिलांच्या दोन बायका, कुंती आणि माद्री. कुंतीचा एक मुलगा मी जिवंत आहे. माद्रीचाही एक असावा. मला दोघी सारख्या.

युद्ध समोर दिसत असताना हा माणूस अर्जुन मागत नाही. एवढा वेळ तोंडी परीक्षा चालली होती, आता वागून दाखवायची वेळ आली. मधे एका प्रश्नात त्यानं म्हटलंय की ब्राह्मण जन्मानं नव्हे, नुसत्या अभ्यासानंही नव्हे, आचरणानं ठरतो. इथं त्याचंच आचरण तपासलं जातं. मग यक्ष सांगतो की मी धर्म, तुझा पिता, आणि हरीणही मीच होतो. चौघंही उठतात. वर मागायला सांगितल्यावर युधिष्ठिर पहिल्यांदा काय मागतो माहितेय? त्या ब्राह्मणाची लाकडं. एवढ्या सगळ्या गडबडीत तो काडेपेटी विसरलेला नाही.

पहिल्या दिवशीची मुलगी तेव्हाही गप्प बसली नाही. "मॅडम, पण मग पाणी प्यायला मिळालं का त्याला?" मी पुस्तक पुन्हा चाळलं, तिला हवं तसं वाक्य काही मला सापडलं नाही. भाऊ उठले तेव्हा त्यांची भूक-तहान गेली होती, एवढं आहे. तिला ते पटलं नाही. तिनं वहीत चित्र काढलंय: कमळांचा तलाव, काठावर पाच भाऊ, प्रत्येकाच्या हातात स्टीलचा ग्लास, आणि माठातून पाणी ओतून देणारा ताडाएवढा यक्ष.